सपाट उजेड

गोंदियाच्या बाजाररस्त्यावर, एका धान्याच्या दुकानाच्या माडीवर शालीकरामाचा फोटो स्टुडिओ होता. त्याच्या उत्तरेच्या भिंतीला गुडघ्यापासून आढ्यापर्यंत काचांची खिडकी होती. उत्तरेकडून ऊन आत येत नाही. येतो तो केवळ उजेड, दिवसभर एकसारखा आणि शांत. विजेचे दिवे शहरात आले होते, तरी मुखचित्रासाठी शालीकराम या खिडकीवाचून दुसऱ्या कशाचा आश्रय घेत नसे. उजेड हलवता येत नाही, म्हणून तो खुर्ची हलवी. खुर्ची कोणत्या दिशेला फिरली, यावर माणसाचे तोंड ठरे.

तो मृदुभाषी होता. परंतु एका नावाचा उच्चार झाला की त्याचे ओठ घट्ट मिटत. ते नाव गोरेगावच्या दुलीचंद पाटलांचे.

सहा वर्षांपूर्वी, १९४८ च्या माघात, शालीकरामाने आपल्या धाकट्या बहिणीचा, फुलवंताचा फोटो पाटलांच्या नागपुरात शिकणाऱ्या मुलासाठी पाठवला होता. फोटो पसंत पडला आणि पाटील मुलगी पाहायला आले. फुलवंता पाटावर येऊन बसली. पाटलांनी खिशातून फोटो काढला, तिच्या गालाशेजारी धरला आणि भरल्या बैठकीत मोठ्याने म्हणाले, "फोटोत तं वालाची शेंग, अन् पाटावर बसला भोपळा!"

बैठक हसली. ते हसू घरोघरी गेले. त्यानंतर तिला पाहायला कोणी आले नाही. फुलवंता भावाच्या स्टुडिओत फोटोच्या काचांवर, म्हणजे निगेटिव्हवर, बारीक पेन्सिलने डाग झाकण्याचे काम करू लागली, आणि शालीकराम मनात एकच गोष्ट जपू लागला: तो मनुष्य एकदा या खुर्चीपाशी यावा.

१९५४ च्या फाल्गुनात पाटील आले. सोबत त्यांची मुलगी प्रेमिला होती, मोरपिशी लुगड्यात, नजर जमिनीवर. तिचा चेहरा भरलेला, गाल रुंद, हनुवटी लहान. शालीकरामाने तो चेहरा एका दृष्टिक्षेपात वाचला.

"राम राम, शालीकराम," पाटील बाकावर बसत म्हणाले. "मागचं मागं गेलं. बालाघाटचा मास्तर पोरगा हाये. फोटो मागून राहिला. दुसऱ्या फोटोवाल्याकडून काढून पाह्यलं, पन अर्धं तोंड काळं निघालं. तू चांगला काढ."

"कसा काढू, पाटील?"

"सावली नाई पाहिजे. पोरगी उजळ दिसली पाहिजे. कोळसा कोन पाहाते?"

शालीकरामाच्या ओठांवर सहा वर्षांत न आलेले हसू आले. पाटील आपल्याच तोंडाने शिक्षा मागत होते. रुंद चेहऱ्याला रोड करणारी वस्तू म्हणजे सावलीच. ती काढून टाका, म्हणजे भोपळा उरतो.

फुलवंताने प्रेमिलेच्या कपाळावरचा घाम टिपला. शालीकरामाने खुर्ची उचलून सरळ खिडकीसमोर ठेवली, मुलीचे तोंड काचांकडे केले आणि कॅमेऱ्याची तिपाई खिडकीला पाठ करून उभी केली. फुलवंता हळू आवाजात म्हणाली, "दादा, खुर्ची आडवी कर. एका बाजूनं उजेड येऊ दे."

"नाही."

"गाल पसरून राहिले तिचे."

"पसरू दे. हे तुझ्यासाठी आहे."

"मी मागितलं होतं का तुले?" एवढेच बोलून ती बाजूला झाली.

त्याने काळ्या कापडाखाली डोके घातले. कॅमेऱ्याच्या मागच्या घासलेल्या काचेवर प्रेमिलेची उलटी आकृती उमटली होती. प्रकाश समोरून येत होता. नाकाची सावली नाकाखालीच दडली. गालांचा मध्य आणि गालांच्या कडा एकाच उजेडात आल्या; चढउतार पुसले गेले; कानापासून कानापर्यंतची सारी रुंदी, परातीतल्या पिठासारखी, सपाट पसरली. डोळ्यांत खिडकीच्या दोन पांढऱ्या चौकटी लखलखत होत्या आणि त्यांच्यामध्ये तिचा विश्वास होता. शालीकरामाला तो दिसला. तरीही त्याने भिंगावरचे झाकण काढून फोटो घेतला.

छापलेला फोटो पाहून पाटील हरखले. "वा! किती उजळ!" त्यांनी तो त्याच दिवशी बालाघाटला पाठवला. शालीकराम दिवस मोजू लागला. मास्तर नकार देईल. वार्ता गोरेगावच्या बाजारात पोहोचेल. कोणीतरी पाटलांसमोर तोच शब्द उच्चारील. रात्री अंथरुणावर शालीकराम तो शब्द स्वतःशीच म्हणून पाही.

सतराव्या दिवशी पाटील जिना चढून आले. हातात पेढ्यांचा पुडा होता.

"जमलं रे, शालीकराम! फोटो पाहून मास्तरची माय म्हणे, पोरगी जराशी जाडच दिसते, पन घर चांगलं हाये, पाहून तं येऊ. अन् प्रेमिला समोर येऊन बसली तं म्हातारी म्हणते, फोटोवाल्यानं पोरीचं वाटोळं केलं, ही तं शंभर हिश्शानं चांगली! तिथंच सुपारी फोडली." पाटील हसत हसत पुढे बोलले, "तुयावर रागावलो असतो. पन तुया फोटोनं आशा लहान ठेवली, अन् पोरगी मोठी निघाली. त्या वक्ती तू बहिणीचा फोटोही असाच काढला असता, तं मी कायले हसलो असतो? मी भोपळ्याले नव्हतो हसलो, बाबा. शेंगेले हसलो होतो."

पुडा बाकावर ठेवून ते निघून गेले. जिन्यावर त्यांचे जोडे बराच वेळ वाजत होते.

शालीकरामाने कपाटातली जुनी लाकडी पेटी काढली, १९४८ ची काच शोधली आणि खिडकीसमोर धरली. काचेवर सारे विपरीत दिसते. उजळ ते काळे, सावलीतले ते पारदर्शक. फुलवंताचे तोंड त्याने थोडे एका बाजूला वळवले होते, आणि खिडकी त्याच बाजूला ठेवली होती. दूरचा अरुंद गाल तेवढा प्रकाशात होता. कॅमेऱ्याकडचा रुंद गाल सावलीत बुडवलेला. त्या बुडालेल्या गालाच्या जागी काच पाण्यासारखी स्वच्छ होती, आणि तिच्यातून समोरच्या दुकानाचे छप्पर दिसत होते. बहीण सुंदर दिसावी म्हणून त्याने तिचे अर्धे तोंड काढून घेतले होते. त्या चित्राचा त्याला केवढा अभिमान वाटला होता!

"फुला," तो म्हणाला, "तू ही काच पाहिली होतीस?"

"सहा वर्षांपासून पाहून राहिली."

"मग बोलली का नाहीस?"

"तू पाटलाले शिव्या देत होता. मी म्हटलं, देऊ दे. एक दिवस ही काच स्वतःच वाचशील." तिने पेन्सिल खाली ठेवली. "त्या पोरीनं काय केलं होतं तुयं? तिचं नशीब चांगलं, म्हणून सुटली. तू नाई सोडलं तिले."

त्याने काच पेटीत परत ठेवली.

फुलवंता उठली. तिने खुर्ची खिडकीला पाठ करून मांडली. "बस."

"कशासाठी?"

"बस म्हटलं ना."

तो बसला. तिने तिपाई त्याच्यासमोर आणली आणि मागचा झगझगीत उजेड भिंगात शिरून चित्र धुरकट होऊ नये म्हणून वर पुठ्ठ्याचा आडोसा धरला. सावलीतला चेहरा उजळावा म्हणून समोर पांढरी चादर ताणण्याची त्यांची रीत होती. चादर खुंटीवर होती. फुलवंताने ती घेतली नाही.

"चादर?" शालीकरामाने विचारले.

"हालू नको," ती म्हणाली आणि झाकण काढले.

त्या चित्रात केसांभोवती आणि कानांच्या पाळ्यांवर प्रकाशाची बारीक कड आहे, खांद्यांची रेषा चांदीच्या तारेसारखी आहे, आणि त्या सगळ्याच्या मध्ये, जिथे तोंड असायला हवे तिथे, काळोख आहे. रुंद की अरुंद, हसरे की दुःखी, काही कळत नाही.

फुलवंताने ते चौकटीत घालून जिन्याच्या तोंडाशी, येणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेसमोर टांगले. शालीकराम रोज त्याच्यासमोरून वर चढे आणि खाली उतरे. ते उतरव असे तो एकदाही म्हणाला नाही. गिऱ्हाईक विचारी, "बाई, हा कोन?"

"माया दादा," ती काचेवरून मान वर न करता सांगे. "वळखू नाई येत का?"