बोस्तांजीचे दोन धक्के

सेवगुलच्या चहाच्या पेल्यावर चमचा किणकिणला, तोच फोन वाजला. बेटावर बाबांच्या शेजारी राहणाऱ्या मुअझ्झेझकाकू होत्या. "तुझ्या बाबांना बसवून दिलंय गं. बोस्तांजीच्या धक्क्यावर उतरवून घे."

बाबांना हल्ली स्वतःची गल्लीही आठवत नसे. सेवगुल छोट्या लेकीला, निलायला, घेऊन मोठ्या बोटीच्या धक्क्यावर गेली. बेटवाले नुसतं धक्का म्हणतात तो हाच. बोट लागली, रिकामी झाली, बाबा नव्हतेच.

तिने काकूंना फोन लावला.

"अगं, बोटीला रांग केवढी. लाँचमध्ये बसवलं."

"लाँच पलीकडच्या धक्क्याला लागते, काकू. सांगायचं तरी."

पोरीला कडेवर घेऊन ती पलीकडे पळाली. लाँच रिकामी होती. खलाशी दोर गुंडाळत म्हणाला, "करड्या कोटातले आजोबा ना? लेक धक्क्यावर उभी असेल म्हणाले. मी म्हटलं, धक्का तो तिकडे. गेले की ते."

सेवगुल आल्या पावली मागे धावली. बोटीने भोंगा दिला होता.

"म्हाताऱ्यांचं फुकट कार्ड लावून आत्ताच चढले, ताई," तिने विचारताच फाटकावरचा माणूस म्हणाला. "थांबा, बोटीवर कळवतो." तो फोन कानाला लावून बसला. पलीकडून कुणी उचलेना.

बोट आता परत जाताना चारही बेटांना लागणार होती. मधलं पाणी रुंदावत चाललं.

निलायने तिची हनुवटी आपल्याकडे वळवली. "आई, आपलं बेट कुठलं, ते आजोबांना कोण सांगेल?"