व्यवसाय: काही नाही

त्या गुरुवारी संध्याकाळी बाबांनी दुकानाच्या काउंटरवर सगळे कागद मांडले होते आणि त्यांच्यावर एकेक चेनचा स्लायडर ठेवला होता, पंख्याने उडू नयेत म्हणून. बॅगा आणि छत्र्या दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे वजनं दुसरी कुठली असणार! मागे भिंतीवर मुठी तुटलेल्या बॅगा लटकत होत्या, प्रत्येकीला चिठ्ठी बांधलेली: नाव, दुखणं, कधी द्यायची.

"पंडितबाई," ते म्हणाले. लेक चष्मा लावून वाचायला लागली तेव्हापासून तिचं हेच नाव होतं. "सोमवारी कर कार्यालयात बोलावलंय. समक्ष. तीन वर्षांपूर्वी तुझ्या नावावर पगार टाकलाय ना, त्याबद्दल विचारायचंय म्हणे. तू येशील का बरोबर? दोन शब्द सांगशील, की बसत होतीस दुकानात."

ती फोनवरून मान वर न करता म्हणाली, "बाबा, मी का येऊ? मी काय तुमच्या दुकानातली नोकर आहे?"

बाबा हसले. त्यांना हसायची सवय होती, गिऱ्हाईक घासाघीस करतानाही ते असेच हसत. "बरं बरं. करसल्लागार आहेतच," ते म्हणाले आणि एका हिरव्या बॅगेची शिवण दाताने तोडायला लागले. तिने त्याबद्दलही टोकलं, दात जातील म्हणून. मग ती घरी गेली. भांडण वगैरे काही नाही. साधा दिवस होता तो, धुतलेल्या रुमालासारखा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शटर अर्धं वर केलं आणि ते पायरीवर बसले. शेजारच्या घड्याळवाल्याला वाटलं, दम खातायत. चांगला अर्धा तास त्याला तसंच वाटत राहिलं.

*

करसल्लागार हा बारीक, पेन कानावर ठेवणारा माणूस होता आणि त्याची फी कमी नि तोंड जास्त होतं. तेराव्या दिवसानंतर ती त्याच्याकडे गेली तेव्हा त्याने आधी पाणी दिलं, मग कामाला हात घातला.

"मेलेल्या माणसाच्या नावाने चौकशी पुढे चालत नाही. आपण मृत्यूचा दाखला जोडून कळवू, तुम्ही एकट्या वारस आहात म्हणून वारसाचे कागदही देऊ. मग तुमच्या नावाने नवी नोटीस येईल. आणि घाबरू नका, वारसाची जबाबदारी वडिलांनी मागे ठेवलं तेवढ्यापुरतीच."

"घाबरले नाहीये."

"मग छान. एक सोपा मार्गही आहे. पगाराची ती रक्कम आपण सोडून देऊ. म्हणू, हा खर्च आम्ही मागत नाही. थोडा कर पडेल, थोडं व्याज, कदाचित दंड. विषय मिटेल."

"म्हणजे बाबांनी खोटा पगार दाखवला असं मान्य करायचं."

"तसं कोणी म्हणत नाही हो."

"पण अर्थ तोच निघतो ना?"

त्याने पेन कानावरून काढून परत कानावर ठेवलं. "निघतो तसा थोडा," तो म्हणाला.

दीड महिन्याने नोटीस आली. त्याने तिला एका दुपारी समोर बसवून शिकवलं, परीक्षेला बसवावं तसं. "मूळ कागद एका फाईलमध्ये आणि सगळ्यांच्या प्रती दुसऱ्या. मूळ दाखवायचे, प्रत द्यायची. प्रत्येक प्रतीवर सही. वर एक यादी, अनुक्रमांकाने. त्या यादीची आपली एक प्रत ठेवायची आणि तिच्यावर पोहोच घ्यायची, शिक्का आणि तारीख. शिक्का नाही तर कागद दिलाच नाही असं समजा. ओळखपत्र, नोटीस, दाखला, वारसाचे कागद, त्या वर्षाचं बँकेचं पासबुक, दुकानाची वही."

"आणि बोलायचं काय?"

"विचारतील तेवढंच. कापड मापाने कापावं तसं उत्तर द्यायचं, वर वीतभर नको. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, लेखी कळवते म्हणा. अंदाज सांगू नका, अंदाज नंतर गळ्यात पडतो. मी शेजारी असेन, पण शपथेवर तुमचा जबाब घेतील तेव्हा उत्तर तुम्हीच द्यायचं. मी मध्ये बोललो तर मलाच बाहेर काढतील. आणि शेवटचं," त्याने बोट वर केलं, "टाइप केलेलं शब्द न् शब्द वाचल्याशिवाय सही करायची नाही. चुकलं असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्यायचं. दहा मिनिटं गेली तरी जाऊ देत."

ती मनात म्हणाली, मापाने बोलणं मला चांगलं जमतं. बाबांशी मी आयुष्यभर तेवढंच बोलले.

कागद न्यायला तिने बाबांनीच सोमवारसाठी तयार केलेली काळी बॅग घेतली. आतला कप्पा त्यांनी नव्याने शिवला होता, बारीक टाक्यांनी. कार्यालयाच्या लांब बाकावर नंबराची वाट बघत बसली असताना तिने त्या कप्प्यात हात घातला आणि दुकानाची एक चिठ्ठी हाताला लागली. मागच्या कोऱ्या बाजूवर बाबांचं अक्षर, शाळकरी आणि उभं:

"विचारलं तर सांगणे. पगाराची नोंद माझी चूक. मुलगी शिकलेली आहे. दुकानात बसत नव्हती."

खाली रेघ मारून त्यांनी तोच मजकूर दुसऱ्यांदा लिहिला होता, पाठ करायला म्हणून.

"काय आहे?" करसल्लागाराने विचारलं. तिने चिठ्ठी त्याच्यापुढे धरली. त्याने ती दोनदा वाचली.

"हे खोटं आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"तुम्हाला माहीत होतं की ते खोटं बोलणार होते?"

"त्या शुक्रवारी सकाळी सात वाजता फोन आला होता त्यांचा. म्हणाले, साहेब, सोडून देऊ पगाराचं. पोरीला त्या खुर्चीत बसवायचं नाही." तो समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. "मी म्हटलं, दुकान उघडून या, सविस्तर बोलू."

शेजारी बसलेला, मांडीवर पिशवी धरलेला एक म्हातारा व्यापारी आपणहून म्हणाला, "पहिल्यांदाच का बाई? काही नसतं. इथे हात जोडून भागत नाही, कागद जोडावे लागतात." त्याला स्वतःचा विनोद आवडला. कोणी हसलं नाही तरी तो हसला. मग तिचा नंबर पुकारला.

*

अधिकारी बाई चाळिशीच्या, दमलेल्या आणि सभ्य होत्या. त्यांनी कागद यादीशी ताडून घेतले, तिच्या यादीच्या प्रतीवर शिक्का मारून ती परत दिली. शपथ दिली. शेजारी टायपिस्ट बसला होता, त्याची बोटं तयार.

"त्या वर्षी वडिलांच्या खात्यातून दरमहा तुमच्या खात्यात रक्कम आली. कशाची?"

"पगाराची."

"काम काय?"

"येणाऱ्या बॅगेची वहीत नोंद करणं, चिठ्ठी बांधणं, गिऱ्हाइकांना फोन करणं, मालाची यादी. सोमवार ते शनिवार, चार ते आठ."

"वहीतलं अक्षर तुमचं?"

"हो."

बाईंनी वही मधोमध उघडली. "ही ओळ काय आहे?"

"तपकिरी बॅग, धावती चेन अडकते, स्लायडर बदलायचा. पुढचं वर्तुळ म्हणजे पैसे घेतले नाहीत."

"का घेतले नाहीत?"

"ते बाबांनी ठरवलं. मला माहीत नाही." मापाचं उत्तर. तिला ते चांगलंच आठवत होतं: दवाखान्यातून आलेल्या एका बाईची बॅग होती ती.

बाईंनी तिच्याकडून कोऱ्या कागदावर चार ओळी लिहून घेतल्या आणि वहीशेजारी ठेवल्या. मान हलवली. करसल्लागाराने खुर्चीत जरा पाठ टेकली. मग बाईंनी फाईलमधून एक छायाप्रत काढून तिच्यापुढे सरकवली.

"आम्हाला शंका आली ती यावरून. खातं उघडण्याचा तुमचा अर्ज, बँकेकडून मागवलाय. खातं त्याच वर्षी उघडलंत. अक्षर तुमचंच ना?"

अर्जाच्या चौथ्या ओळीवर व्यवसायासमोर तिच्या सुबक, अभ्यासू अक्षरात लिहिलं होतं: काही नाही.

तिला तो दिवस आठवला. दुकानाच्या काउंटरच्या पलीकडे तिची एक मैत्रीण उभी होती, अर्ज भरायला मदत करत. पदवीचा प्रबंध तिने त्याच काउंटरवर लिहिला होता, दोन बॅगांच्या मध्ये वही ठेवून. पण प्रबंधाच्या आरंभी आभार मानले ते ग्रंथालयाचे, मार्गदर्शकांचे. कोणी विचारलं तर ती म्हणे, वडिलांचा छोटा व्यवसाय आहे. दोन पावलं मागे बाबा सुईत दोरा ओवत होते. त्यांनी अर्ज वाचला असेल का? सही घ्यायला तिने तो त्यांच्याकडेच दिला होता, ओळख देणारा म्हणून. खाली त्यांची सही होती, शाळकरी आणि उभी.

म्हणजे वाचला होता.

"हे मी लिहिलंय," ती म्हणाली. "ते खरं नाही."

"मग खरं काय? खरं ते लिहायला अडचण काय होती?"

करसल्लागाराने घसा खाकरला. वर वीतभर नको, असा त्याचा अर्थ. माहीत नाही म्हणता आलं असतं. लेखी कळवते म्हणता आलं असतं.

"मला लाज वाटायची," ती म्हणाली.

टायपिस्ट थांबला आणि बाईंकडे बघायला लागला, हे लिहायचं का म्हणून. बाईंनी मान डोलावली. त्याने ते टाइप केलं. मग कागद छापून आला आणि बाईंनी तो तिच्यापुढे ठेवला. "वाचा. बरोबर असेल तर प्रत्येक पानावर सही करा."

ती शिकवल्याप्रमाणे शब्द न् शब्द वाचत गेली. तारीख बरोबर. वेळ बरोबर. बाबांच्या नावापुढे 'मयत', तेही बरोबर. तिसऱ्या पानावर तिचं बोट थांबलं.

"इथे चूक आहे."

"कुठे?"

"'मी वडिलांना दुकानात मदत करत असे', असं टाइप झालंय."

"तसंच म्हणालात ना साधारण?" टायपिस्ट म्हणाला. "एकच आहे ते."

"एक नाही." तिचा आवाज तिलाच मोठा वाटला, उघड्या दारातून बाकावरचा म्हातारा व्यापारी डोकावून बघायला लागला. बॅग तिच्या मांडीवर होती आणि कप्प्यावरचे बारीक टाके बोटांना लागत होते. "मदत नाही. लिहा. मी माझ्या वडिलांच्या दुकानात काम करत होते. बॅगा-छत्र्या दुरुस्तीच्या दुकानात. ते मालक होते, मी त्यांच्याकडे नोकरीला होते."