दोन बाउल, एकच नंबर

पार्लर चालवलं त्या एकतीस वर्षांत मी एकाच गिऱ्हाइकाचं वाटोळं केलं, आणि नेमकं तेच गिऱ्हाईक पुढे मला पत्रं लिहीत राहिलं. म्हणून ही गोष्ट सांगायला मला फारशी लाज वाटत नाही. थोडी वाटते.

त्या दोघी बहिणी गायच्या. मोठ्या हॉटेलांत, क्लबांत, लोक जेवत असताना. जाहिरातीत त्यांना 'जुळ्या बहिणी' म्हणत. जुळ्या कसल्या, चांगलं चार वर्षांचं अंतर होतं. पण उंची एक, नाक एक, केस खांद्यापर्यंत एकाच मापात कापलेले. वर स्टेजवरचा उजेड असा असतो की त्यात माझी सासूसुद्धा माझी जुळी दिसली असती. थोरलीला सगळे ताई म्हणायचे, तिचा नवराही चुकून म्हणायचा, म्हणे. धाकटीला धाकटीच. मला सगळी गल्ली काकू म्हणायची, म्हणून ताईही म्हणायची. माझ्याहून ती फक्त तीन वर्षांनी लहान होती. हे मी आजही विसरलेले नाही.

ताईचे केस अर्ध्याहून जास्त पांढरे. दर चार आठवड्यांनी ती यायची आणि मी मुळांना परमनंट रंग लावायचे. पण त्या वर्षी दौऱ्याच्या आधी ती धाकटीला घेऊन आली, खुर्चीत बसवलं आणि तिच्या भांगात माझाच कंगवा खुपसला.

"बघा काकू. बघा हे."

बघण्यासारखं फार नव्हतं. भांगात आणि कानशिलांवर तीळ सांडल्यासारखे थोडेसे पांढरे. शंभरात दहा-बारा असतील.

"त्रेचाळिसाव्या वर्षी एवढे तर हवेतच," मी म्हटलं.

"हवेत तर घरी हवेत. स्टेजवर मी एकदम काळी आणि ही मीठमिरी? हिलाही माझाच नंबर लावा, माझ्यासारखाच. परमनंट."

मी आपलं कर्तव्य म्हणून सांगितलं. एवढ्याशा पांढऱ्यांना परमनंट लागत नाही. त्यात अमोनिया असतो, वीस व्हॉल्यूमचं डेव्हलपर असतं. ते आधी केसाचा स्वतःचा रंग थोडा उडवतं आणि मग नवा भरतं. म्हणजे दहा पांढऱ्यांसाठी नव्वद चांगल्या केसांना उगाच शिक्षा. शिवाय महिन्याभरात मुळांशी रेघ दिसायला लागते, आणि एकदा ती दिसली की जन्मभर माझं तोंड बघायचं. त्यापेक्षा डेमी-परमनंट बरं, आम्ही ग्लॉस म्हणतो ते. त्याचं डेव्हलपर अगदी सौम्य. ते काही उडवत नाही, नुसतं वरून रंग बसवतं. पांढरे पूर्ण झाकत नाही, बाकीच्यांत मिसळून टाकतं. वीसेक धुण्यांत हळूहळू उतरतं आणि मागे रेघ सोडत नाही.

"उतरतं ना?" ताई म्हणाली. "मग झालं. दौरा दोन महिन्यांचा आहे. मध्येच उतरलं तर मी काय रस्त्यात तुम्हाला शोधू?"

"दोन महिन्यांत तुमचीही मुळं दिसतीलच की."

"माझ्याकडे मुळांवर लावायची काळी पावडर आहे, माझं मी बघते. तुम्ही हिचं बघा."

धाकटी आरशात स्वतःकडे बघत होती, दुसऱ्याच्या मुलाकडे बघावं तशी. मी दोघींच्या कानामागे रंगाचा ठिपका लावला. अंगावर पुरळ उठत नाही ना, हे दोन दिवस बघायचं असतं. परवा या, म्हटलं.

अर्ध्या तासाने धाकटी एकटीच परत आली. दारातच उभी.

"काकू, मला ते उतरणारं लावाल?"

"ताईला कळलं तर माझी साल काढेल."

"तिला नाही कळणार. दिसायला सारखंच ना? पहिले काही आठवडे?"

"जवळपास. पण का गं?"

तिने दार लावून घेतलं. डोंगरापलीकडच्या एका गावात शाळा होती. तिथे मुलांना गाणं शिकवायला तिला बोलावलं होतं. होकार कळवूनही झाला होता. दौरा संपला की ताईला सांगायचं आणि जायचं.

"अजून सांगितलं नाहीस?"

"सांगितलं तर दौऱ्यावर ती मला रोज रडून दाखवेल, आणि मी राहीन. तेवीस वर्षं तशीच राहिलेय. परमनंट लावलं तर दर महिन्याला मला तिच्या शेजारच्या खुर्चीत बसावं लागेल. म्हणजे मी गेलेच नाही असं होईल. मला तिथे माझं डोकं घेऊन जायचंय, काकू. दौरा संपेपर्यंत सगळं आपोआप उतरलेलं हवंय."

बाईमाणसाने स्वातंत्र्याचा एवढा चोख हिशोब धुण्यांत मांडलेला मी पहिल्यांदाच ऐकला. मी हो म्हटलं.

आता माझी पद्धत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी बाउलवर कधी चिठ्ठी लावली नाही. चिठ्ठ्या नवशिक्यांनी लावाव्यात. माझे सगळे बाउल काळे, सगळे ब्रश सारखे. त्या कंपनीची दोन्ही मिश्रणं दिसायला सारखीच, लोण्यासारखी घट्ट. मी नुसता वास घ्यायचे. परमनंट नाकात सणसणतं, ग्लॉस गप्प असतं. इतकी वर्षं माझं नाक चुकलं नव्हतं. आणि याचा मला माज होता, तोही सांगून टाकते.

परवाचा दिवस उजाडला तो माझं नाक घट्ट बंद घेऊन. असली सर्दी की कोणी शेजारी टायर जाळला असता तरी मला कळलं नसतं. तरीही चिठ्ठी लावायचं सुचलं नाही. आतल्या खोलीत दोन्ही बाउल कालवले, ट्रेमध्ये ठेवले, डावीकडे ताईचा, उजवीकडे धाकटीचा. तेवढ्यात फोन वाजला म्हणून ट्रे फिरवून बाजूला सरकवला, आणि परत येऊन मोठ्या तोऱ्याने उचलला. ताईला मुळांवर, धाकटीला सगळ्या केसांना. धाकटीचं वीस मिनिटांनी धुतलं, ताईचं पस्तीस मिनिटांनी. ताईने विचारलं, "हिचं आधी का?" मी म्हटलं, "थोडेच पांढरे आहेत, लवकर होतं." खोटं बोलायला सर्दी चांगली, चेहरा मुळीच दिसत नाही.

ओल्या केसांत दोघी सुरेख दिसल्या. वाळवल्यावरही ट्यूबलाइटमध्ये काही वावगं वाटलं नाही. गेल्या बिचाऱ्या दौऱ्यावर.

पाच आठवड्यांनी, दौऱ्याच्या मधल्या सुट्टीत, दुपारी दार धाडकन उघडलं. ताईच्या डोक्याला स्कार्फ, मागे धाकटी.

"काकू, बसा," ताई म्हणाली. माझ्याच दुकानात मला बसवलं. मग स्कार्फ सोडला.

भांगाच्या दोन्ही बाजूंना पांढराशुभ्र पट्टा. मी कंगवा लावून बघितलं. पाच आठवड्यांत केस बोटभरसुद्धा वाढत नाही. हा पट्टा जवळजवळ दोन बोटांचा होता. म्हणजे नवे वाढलेले पांढरे होतेच, पण मी रंगवलेलेही परत पांढरे झाले होते.

"पावडरचा डबा संपला," ताई म्हणाली. "गेल्या आठवड्यात कार्यक्रम झाल्यावर पुढच्या टेबलावरचा एक टकल्या हिला काय म्हणाला माहितीये? म्हणाला, तुमच्या आईपण अजून छान गातात हो!"

मला हसू आलं. ते मी खोकल्यात घातलं. मग धाकटीला खिडकीपाशी ओढलं. उन्हात तिचं डोकं तांब्याच्या हंड्यासारखं चमकत होतं, टाळूकडे जास्तच, आणि मुळांशी तिच्या मूळच्या काळ्या केसांची स्पष्ट रेघ. परमनंट आधी रंग उडवतं आणि मग भरतं. मी ते वीस मिनिटांत धुऊन टाकलं होतं. उडवून झालं होतं, भरायचं अर्धं राहिलं होतं.

धाकटीने माझ्याकडे बघितलं आणि तिला कळलं. तिचा चेहराच पडला.

"हे उतरणार नाही ना आता?" तिने हळू विचारलं.

"नाही."

"काय उतरणार नाही?" ताई म्हणाली.

इथे खरं तर गप्प बसायचं. कंपनीचा माल खराब निघाला म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. पण इतक्या वर्षांतली एकमेव चूक कंपनीच्या नावावर खपवायला माझा माज आडवा आला. "चूक माझी आहे, ताई," मी म्हटलं. "सर्दी होती, वास आला नाही. बाउलची अदलाबदल झाली. हिचा तुम्हाला लागला, तुमचा हिला."

ताई गाणं कसं गायची ते सोडा, पण डोकं तल्लख.

"मी दोघींना एकच सांगितलं होतं," ती म्हणाली. "मग दोन बाउल कशाला होते?"

मी माझ्या चपलांकडे बघितलं. फार जुन्या झाल्या होत्या.

"मी सांगितलं होतं वेगळं करायला," धाकटी म्हणाली. आणि मग तिने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. शाळा, डोंगर, होकार. आवाज जरासुद्धा हलला नाही. स्टेजवर तेवीस वर्षं उभं राहण्याचा काहीतरी फायदा असणारच.

ताई लगेच रडायला बसली. धाकटीने सांगितलं होतं अगदी तस्संच, डोळ्यांना रुमाल न लावता, समोरच्याला नीट दिसेल असं. "मी एकटी काय गाऊ गं? माझं कोण आहे?"

"तुझा नवरा आहे."

"त्याला सूर तरी कळतो का!"

"ताई, उरलेले वीस दिवस मी गाणार. तुझ्या शेजारी उभी राहून गाणार. नंतर मी जाणार आहे. डोकं लाल असलं तरी जाणार आहे."

ताईचं रडणं थांबलं. बहुधा तेवीस वर्षांत पहिल्यांदाच ते चाललं नव्हतं. तिने नाक पुसलं आणि मोर्चा माझ्याकडे वळवला. "हिचं आता काय करता येईल?"

मी सांगितलं. उडालेला मूळ रंग परत येत नाही, तो वाढूनच यायला हवा. तोवर लालीवर थंड, म्हणजे राखाडीकडे झुकणाऱ्या छटेचं ग्लॉस, खरं ग्लॉस, लावता येईल. लाली दबेल, रेघही मिटेल. पण ते उतरेल आणि परत लावावं लागेल. केस आखूड कापले तर वर्षभरात सगळे तिचे तिचे होतील.

"त्या गावात पार्लर आहे का?" ताईने धाकटीला विचारलं.

"एक आहे. दाढी करतात तिथे."

"म्हणजे पांढरे घेऊनच उभी राहणार तू मुलांपुढे."

"हो."

ताई बराच वेळ आरशात बघत राहिली. स्वतःकडे नाही, तिच्याकडे. "आधी हिचं ग्लॉस करा," ती शेवटी म्हणाली. "वीस दिवस पुरेल एवढंच. कापायचे तर नंतर काप, माझ्यासमोर नको. आणि माझं परमनंट. मी उद्याही गाणार आहे, परवाही गाणार आहे. मला काही शाळेत जायचं नाही."

त्या दिवशी मी दोन्ही बाउलांना चिठ्ठ्या लावल्या, मोठ्या अक्षरात.

धाकटीचं डोकं बेसिनवर टेकवून मी रंग धुवायला घेतला. मघाशी एवढी ताठ बोललेली बाई, पाण्याखाली तिचे खांदे हलायला लागले. आवाज येऊ नये म्हणून तिने ओठ घट्ट मिटले होते. ताईला ऐकू जाऊ नये म्हणून मी नळ पूर्ण सोडला.

ताई डोक्याला रंग थापलेली, पाठमोरी बसली होती. तिने मागे वळून बघितलं नाही.

"पाणी कमी करा, काकू," ती म्हणाली. "कानात जाईल तिच्या. लहानपणापासून कान दुखतो तिचा."