जावळाआधीचं वय

डोळखांबकडच्या उपकेंद्रात आलेली नवी सिस्टर कुणाली सकुबाईला पहिल्या नजरेतच पटली नव्हती. कल्याणकडची पोर, त्यात खोकणाऱ्या भावेशला पाहताच म्हणाली, "काय गोंडस आहे हो!" सकुबाईने नातवाला पदराखाली ओढलं. आजारी पोराचं असं कौतुक कोण करतं?

"वय किती, आजी?"

"अजून वर्षाचा नाय."

पोराचं वर्ष कधीच उलटलं होतं. पण जावळ निघेस्तोवर पोर वर्षाचं झालं असं चारचौघांत बोलायचं नाही, अशी सासूची शिकवण. मुलगा-सून वीटभट्टीवर, लसीचं कार्डही त्यांच्याच पेटीत. मग जावळ काढणार कोण आणि खोटं पकडणार कोण?

सिस्टरने विचारलं, "दूध सोडलंय का? सगळंच ओकतो? झटके आले? सुस्त पडून राहतो?" सकुबाई नाय नाय म्हणत गेली. भावेश शांत झाल्यावर सिस्टरने त्याचा सदरा वर केला, छाती आत ओढली जाते का पाहिलं आणि घड्याळ धरून मिनिटभर श्वास मोजले. "सेहेचाळीस. साधा खोकला आहे. दूध-पेज चालू ठेवा, ऊब द्या. श्वास वाढला तर लगेच आणा."

सुई नाही, गोळी नाही! टोकावड्याचा डॉक्टर निदान सुई तरी टोचतो. सकुबाई धुसफुसत ओट्यावर बसली. तेवढ्यात शेजारच्या पाड्यावरची बारकी आपल्या दोन वर्षांच्या लेकीला घेऊन आत गेली आणि आतून आवाज आला, "चव्वेचाळीस. न्यूमोनिया आहे. गोळी सुरू करू."

सकुबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तरातरा आत शिरली. "तिच्या पोरीचं कमी, तरी तिला गोळी. आमच्या पोराचं जास्त, नि त्याला ऊब? आमी काय येडे हाव?"

सिस्टर चिडली नाही. "आजी, वर्षाच्या आतलं बाळ मुळातच भराभर श्वास घेतं. त्याला पन्नास किंवा जास्त झाले तर धोका. वर्ष उलटलं की चाळीसलाच. तुमचा वर्षाच्या आतला, म्हणून."

बारकी टक लावून बघत होती. तिच्यासमोर पोराचं वर्ष उलटलं म्हणायचं? कडेवर भावेशच्या बरगड्या भराभर हलत होत्या.

"तेरा महिन्यांचा हाय," ती म्हणाली.

सिस्टरने पुन्हा मिनिटभर मोजलं, वजन केलं. मग उकळून गार केलेल्या पाण्यात एक गोळी चमच्यातच विरघळवली. "सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. बरा वाटला तरी मधेच थांबवायची नाही. परवा दाखवायला आणा. दूध सोडलं, सगळं ओकला, झटका आला, जागा होईना, तर थेट मोठ्या दवाखान्यात." मग हळूच म्हणाली, "आजी, आधी का नाही सांगितलंत?"

"तुमच्यावर भरवसा नव्हता."

"आता आहे?"

सकुबाईने तिच्या हातातला चमचा घेतला, आधी स्वतः जिभेला लावून पाहिला.

"नाय," ती म्हणाली, आणि भावेशचं तोंड उघडलं.