सलाम अम्माच्या पुढं

मुस्तकीम मेस्त्री आमच्या दुकानात सलग चार दिवस आला आणि पहिले तीन दिवस 'सलाम अम्मा'च्या पुढं सरकला नाही. तिकडं त्याच्या पोरीची, लुबनाची, लेझमीतली पहिली रांग जायची वेळ आलती. आम्हाला हे ठाऊक असतं तर पहिल्याच दिवशी निकाल लावला असता. पण ठाऊक व्हायला माणसानं तोंड तर उघडायला पाहिजे!

आमचं दुकान वडवणीत स्टँडसमोर. बांगड्या, रिबिनी, पावडरी, आणि हल्ली दारात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा. तीस वर्षं मी गल्ल्यावर बसते. दुसरीतून शाळा सुटली माझी, पण गिऱ्हाईक मला वाचता येतं. सून रुद्राणी बारावी शिकलेली, तिला मी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, "पायरीवर घुटमळणाऱ्याला 'काय पाहिजे' म्हणून विचारायचं न्हाई. त्यालाच ठाऊक नसतं. न्हाईतर ठाऊक असून सांगायची लाज असते. तू विचारलं की ते पळतं."

आणि तिनं नेमकं तेच केलं. मुस्तकीम पायरीवर. रस्त्यापलीकडं त्याचं गॅरेज, हाताला कायम ग्रीस, हात पाठीमागं लपवलेले. "सलाम अम्मा."

"काय पाहिजे, भाऊ?" रुद्राणी म्हणाली.

"काही न्हाई. आपलं असंच." आणि गडी गेला.

"बघितलं? पळवलास," मी म्हणाले.

"आत्या, मी नुसतं विचारलं!"

"तेच तर."

दुसऱ्या दिवशी मी दाखवलं तिला. तो आला तसं स्टूल पुढं सरकवलं, तांब्याभर पाणी दिलं, आणि त्याच्याकडं न बघता बांगड्या पुसत बसले. बघत राहिलं की माणूस आकसतो. पाणी पिऊन झाल्यावर हळूच म्हणाले, "घरच्यासाठी का पोरीसाठी?"

काय पाहिजे ते सांगायला जड जातं, कुणासाठी ते चटकन सांगता येतं. "पोरीसाठी," तो म्हणाला.

झालं! मी लाल रिबीन आणि निळी रिबीन दोन्ही समोर ठेवल्या. दोनातलं एक निवडायला अक्कल लागत नाही. त्यानं लाल उचलली. मी रुद्राणीकडं असं बघितलं की ती गालातल्या गालात हसली.

पण तो जाताना पायरीवर पुन्हा थांबला. वळला. तोंड उघडलं, मिटलं, आणि गेला.

तिसऱ्या दिवशी पुन्हा सलाम, पुन्हा स्टूल. मी क्लिपा दिल्या. मग तेलाची बाटली. मग एक कंगवा, बारीक दातांचा. घेत गेला बिचारा, एकालाही नाही म्हटलं नाही, आणि जाताना पुन्हा पायरीवर थांबला. पिशवी भरलेली, तोंड तेवढंच उतरलेलं.

"आत्या," रुद्राणी म्हणाली, "रागवू नका. तुमी त्याला बोलतं करता, पण तोंड उघडलं की त्यात वस्तू कोंबता. पुढचं बोलणार कसा?"

"मला शिकवतीस?"

"शिकवत न्हाई. त्याला वस्तू नकोच असंल तर?"

दुकानात येऊन वस्तू नको! मी अशी हसले की हातातल्या चार बांगड्या खळ्ळकन फुटल्या. पण रात्रभर ते डोक्यात राहिलं.

चौथा दिवस पंचवीस जानेवारीचा. स्टँडवर झेंड्याची तयारी, शाळेकडून लेझमीचा आवाज. मुस्तकीम आला. मी काही काढायला हात पुढं केला, तोच रुद्राणीनं खालून माझं लुगडं ओढलं. मी हात मागं घेतला. माझ्या जन्मात पहिल्यांदा.

"भाऊ," रुद्राणी म्हणाली, "परवाची रिबीन कशी काय बसली?"

त्याचं तोंड असं झालं की जणू कुणी दुखऱ्या दाढेवर बोट ठेवलं. "बसत न्हाई. शाळेत जाईपर्यंत सुटती."

रुद्राणी गप्प. मीही गप्प, जीभ दाताखाली धरून. पण तोही गप्प झाला! आता हा पुन्हा पळणार, हे मला दिसलं. तेव्हा मी माझा जुना डाव टाकला. सरळ विचारल्यावर जो सांगत नाही, तो चुकीचं बोललेलं खोडून काढल्याशिवाय राहत नाही.

"तुझ्या बायकोला वेणी घालता येत नसंल," मी बांगड्यांकडं बघत म्हणाले. "ढिल्या हाताची दिसती."

"न्हाई न्हाई अम्मा!" मेस्त्री स्टुलावरून उठलाच. "तिच्यासारखी वेणी अख्ख्या वडवणीत कुणाला येत न्हाई! ती तर बाळंतपणाला तलवाड्याला गेली. मीच घालतो!"

बाहेर पडलं. त्याचं त्यालाच कळलं आणि तो कानापर्यंत लाल झाला.

माझ्या तोंडावर आलतं, पाठवून दे पोरगी, मी घालते. रुद्राणीनं पुन्हा लुगडं ओढलं. फाडते का काय! पण थांबले. मग एकेक करून निघालं सगळं. बायको खतीजा म्हणत होती लुबनाला माहेरी सोबत नेते. यानं छाती काढून सांगितलं, घर मी सांभाळतो, पोरीची शाळा बुडवायची न्हाई. गॅरेजातल्या सगळ्यांसमोर सांगितलं. आता शाळेतल्या बाई म्हणाल्यात, उद्या दोन घट्ट वेण्या दिसल्या न्हाईत तर लुबना मागच्या रांगेत. आणि पोरगी म्हणती, मागं उभी राहण्यापेक्षा मी मामाला बोलावते आन् तलवाड्याला जाते.

"मग?" रुद्राणी एवढंच म्हणाली.

त्यानं पाठीमागचे हात पुढं आणले. "मला शिकवता का? इंजिन खोलून जोडतो, पण हे तीन पेड हातात राहत न्हाईत. कुणाला सांगू नका, अम्मा."

चार दिवस, एक रिबीन, डझनभर क्लिपा, तेल, कंगवा, आणि पाहिजे होतं हे!

मी गल्ल्याच्या खिळ्याला परकराच्या नाड्याचे तीन लांब पदर बांधून दिले. पण नाड्यावर वेणी कळत न्हाई, बघायला खरं डोकं पाहिजे. तेव्हा मी स्टुलावर बसले, पाठीवर केस सोडले आणि रुद्राणीला म्हणाले, "घाल दोन." ती माझ्या केसांवर दाखवायची, हा नाड्यावर करायचा. उजवा मधल्यावर, डावा मधल्यावर.

"आवळा नट आवळल्यावानी," मी म्हणाले.

"लई न्हाई आवळायचं, डोकं दुखतं पोरीचं," रुद्राणी म्हणाली. "आन् भाऊ, रिबीन शेवटाला गाठ मारून अडकवायची न्हाई. अर्ध्यातून पेडासोबत गुंफायची, मग वेणी वर दुमडून कानामागं बांधायची."

"वायरिंगवानी!" मेस्त्री ओरडला. "आता कळलं!"

तिसऱ्या खेपेला जमलं. त्यानं ओढून बघितलं, सुटेना. आम्ही तिघं असे हसलो की बाजारातले आप्पाराव तंबाखू मळायचं थांबवून आत डोकावले. साठीची मी शांतादेवी, पांढऱ्या दोन वेण्या वर दुमडलेल्या, लाल रिबिनीची फुलं कानामागं!

"शाळेत नाव घातलं काय, वहिनी?"

"घातलं," मी म्हणाले. "तुमच्या वर्गात. तुमी अजून पहिलीतच ना?"

दुसऱ्या दिवशी आम्ही सासू-सुनांनी दुकान उशिरा उघडायचं ठरवलं आणि शाळेच्या मैदानावर गेलो. लुबना पहिल्या रांगेत. भुवया जरा वर ताणलेल्या, बापानं आवळलंच होतं. लेझीम खणखणली, पोरगी वाकली, उडाली, गिरकी घेतली. मी लेझीम बघितलीच नाही, नुसत्या वेण्या बघत होते. शेवटपर्यंत एक पेड हलला नाही. कुंपणाजवळ मुस्तकीमचे हात हवेतच चालत होते, उजवा मधल्यावर, डावा मधल्यावर.

महिना गेला. एक दिवस दुकानात गिऱ्हाईक भरलेलं असताना पायरीवरूनच हाक आली, रस्त्यापलीकडं ऐकू जाईल एवढी, "अम्मा, अंबाडा कसा घालतेत? खतीजा येतीय उद्या! तिच्या हातात लेकरू आसंल, तिचे केस मी बांधणार!"

बायका वळून बघायला लागल्या. रुद्राणी तोंडात पदर कोंबून खाली बसली.

"अरे मेस्त्री," मी म्हणाले, "आधी सलाम तर कर!"