चाळीस सेकंदांची बंगई

मोहसीनला गुणवंतराव ओरडत असले की भीती वाटत नसे. गुणवंतराव ओरडायचेच. ते गप्प बसले की मात्र तो घाबरायचा. आणि त्या सकाळी चंद्रपूरच्या आपल्या फर्निचरच्या दुकानात, गल्ल्यामागे बसून, गुणवंतराव तब्बल पाच मिनिटं गप्प होते.

"म्हंजे किंमत नाई सांगाची?" शेवटी ते म्हणाले.

"नाई, भाऊ."

"सेल नाई म्हणाचं. धमाका नाई म्हणाचं. 'चला चला चला' बी नाई?"

"नाई."

"मंग जाहिरात कायची करून राह्यला बाबू तू? मयतीची?"

आता गुणवंतरावांचंही खोटं नव्हतं. गेली सहा वर्षं त्यांच्या जाहिराती मोहसीनच करत होता. लग्नाच्या शूटिंगवर घर चालायचं आणि दसरा-दिवाळीला या जाहिरातींवर. केबलवर स्थानिक बातम्या संपल्या की सुरू व्हायचं: बारा हजारांचा सोफा फक्त आठ हजारांत, चला चला चला! वीस सेकंदांत पंधरा तुकडे, खाली पळती पट्टी, वर फटाके फुटणारी अक्षरं. लोक टीव्हीचा आवाज कमी करायचे, पण सोफे विकले जायचे. मग याला म्हणावं तरी काय!

पण या वेळी विकायचा सोफा नव्हता. मोहसीनच्या अब्बांनी, नूर मोहम्मदांनी केलेल्या सहा बंगया, म्हणजे घरात टांगायचे लाकडी झोपाळे, होत्या. आलापल्लीचा साग, पितळी कड्या, आणि सगळ्या लाकडात एक लोखंडी खिळा शोधून दाखवा! सांधे सगळे लाकडी खुंट्यांवर. वर्षभर राबले होते म्हातारबा. त्याआधीची दोन वर्षं ते एमआयडीसीत एका ठेकेदाराकडे माल भरायच्या पेट्या ठोकत होते. ज्या हातांनी देव्हारे कोरले, त्या हातांनी फळ्यांना खिळे! गुणवंतरावांनी त्यांना तिथून उचलून आणलं आणि दुकानामागच्या शेडमध्ये जागा दिली. वर हेही सांगून टाकलं, "चाचा, दिवाळीपर्यंत एक तरी बंगई गेली पाह्यजे. नाई गेली तं हे शेड मले प्लायवूडच्या मालाले लागते."

म्हणजे दिवाळीनंतर पुन्हा पेट्या. मोहसीनला तेच डोळ्यांपुढे दिसत होतं, आणि रात्रंदिवस दिसत होतं.

"भाऊ," तो म्हणाला, "किंमत ओरडून सांगितली तं लोक घासाघीस कराले येतील. ज्याले घेणंच नाई तो बी येईल. ही वस्तू घेणारा माणूस ऊर्जानगरात राह्यते, वीज केंद्राच्या कॉलनीत. त्याले कोणी ओरडलेलं आवडत नाई. त्याले नुसती दाखवाची. हळूहळू. त्याले वाटलं पाह्यजे का हे लोक विकाच्या घाईत नाईत."

"पण मी तं घाईत हाओ!" गुणवंतराव ओरडले, आणि मोहसीनला जरा बरं वाटलं. ओरडले म्हणजे मानले.

शूटिंग गुणवंतरावांच्या घरी, सहांपैकी एक बंगई तिथे टांगून झालं. सकाळी आठला पूर्वेच्या खिडकीतून ऊन थेट बंगईवर येतं, हे मोहसीननं आदल्या दिवशी पाहून ठेवलं होतं. एकही दिवा लावला नाही. कॅमेरा तिपाईवर, आणि हलवायचा म्हणून नाही. पहिल्या दृश्यात नुसतं पाटावरचं लाकूड, त्याच्या रेषांवरून सरकणारी सावली, दहा सेकंद. लग्नात दहा सेकंद कॅमेरा एका जागी ठेवला तर वरबाप येऊन विचारतो, बिघडला का? दुसऱ्यात सांधा आणि त्यावरून फिरणारा अब्बांचा अंगठा. तिसऱ्यात बंगईवर बसलेल्या कमळाबाई, गुणवंतरावांच्या आई. शेवटी बाई उठून गेलेल्या आणि रिकामी बंगई आपली हलत राहिलेली. चार दृश्यं, चाळीस सेकंद. शब्द फक्त अखेरीस.

पण मोहसीनला एक धास्ती होतीच. नुसती शांतता दाखवली तर लोकांना वाटणार टीव्ही बिघडला. कोणी टीव्हीच्या डोक्यावर थापट्या मारील, कोणी छपरावर चढून वायर हलवील, आणि केबलवाला हरिदास तर आवाज गेला समजून खाली सिनेमाचं गाणंच लावून देईल. शांतता ऐकू यायची असेल, तर तिच्यात एखादा बारीक आवाज लागतो. म्हणून त्यानं कमळाबाईंच्या हातात अडकित्ता दिला.

"मी टीव्हीवर सुपारी कातरू?" बाई लाजल्या. "लोकं काय म्हणतील, बाप्पा!"

"बोलू नका बाई, नुसती कातरा."

कच्. बंगई मागे गेली. कच्. बंगई पुढे आली. अडकित्त्याचा आवाज तेवढा, बंगईचा अजिबात नाही. चांगल्या बंगईची हीच तर पारख! अब्बा कोपऱ्यात उभे होते. बघत नव्हते, डोळे मिटून ऐकत होते.

संध्याकाळी मोहसीन कॉम्प्युटरवर जोडकामाला बसला. कानाला हेडफोन लावले आणि लगेच जोडकाम थांबवलं.

दोन 'कच्'च्या मध्ये काहीतरी होतं. त्यानं मागे नेऊन पुन्हा ऐकलं. कुर्र. इतकं बारीक, की खोलीत कुणालाच कळलं नसतं. माईक बंगईच्या जवळ ठेवला होता म्हणून पकडलं गेलं. बंगई मागे गेली की कुर्र. दर वेळी नाही, तिसऱ्या-चौथ्या झोक्याला.

अब्बांना सांगावं? पहिला विचार तोच आला, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. दुसरा आला तो त्या पेट्यांचा. अब्बा बंगई सोडणार, सगळी खोलणार, दिवाळी निघून जाणार. आणि कदाचित छताचा आकडाच कुरकुरत असेल, बंगईचा दोष नसेलही! माणूस भ्याला की त्याला सबबी बऱ्या सुचतात. त्यानं ती कुरकुर कापली, तिच्या जागी त्याच खोलीतल्या रिकाम्या आवाजाचा तुकडा बसवला आणि जोड कुठे आहे ते त्याचं त्यालाही ओळखू येईना. मग माईक तोंडाजवळ घेऊन, शेजारी बसलेल्याशी बोलावं तसा, तो दोनच वाक्यं बोलला, "नूर मोहम्मद यांची सागाची बंगई. गुणवंत फर्निचर, चंद्रपूर."

दुसऱ्या दिवशी बातम्यांनंतर जाहिरात लागली. आधी एका साडीच्या दुकानाचा धुमाकूळ, मग एकदम ती ऊन पडलेली फळी. गुणवंतरावांच्या दुकानात सगळे टीव्हीपुढे उभे. चाळीस सेकंद संपले. फोन वाजला नाही. नेहमी जाहिरात संपायच्या आत दहा फोन यायचे.

"मेलो," गुणवंतराव म्हणाले. अब्बांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. मोहसीनला तो हात सोसवेना.

त्या रात्री पहिल्यांदा त्याच्या ध्यानात आलं की आपण काय करून बसलो आहोत. आजवर त्यानं शंभर जाहिरातींत खोटं सांगितलं होतं, आणि त्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. ओरडणाऱ्यावर कोण भरवसा ठेवतो? बाराचा सोफा मुळातच आठचा असतो, हे अख्ख्या गावाला माहीत. पण इतक्या हळू बोललेलं लोक खरं मानतात. कुणी आलाच, तर तो बंगईवर बसणार आणि कान देऊन ऐकणार. ऐकायला त्यानंच शिकवलं होतं! फोन यावा म्हणून तळमळणारा माणूस आता फोन येऊ नये म्हणून तळमळू लागला.

फोन आलाच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी थेट गाडी आली. ऊर्जानगरचे एक साहेब आणि त्यांच्या मॅडम. पन्नाशीतले, सावकाश बोलणारे. किंमत विचारली नाही. "ती टीव्हीवरची बंगई हीच का?" एवढंच.

तीच होती. घरून आणून दुकानाच्या तुळईला टांगली होती. म्हणजे आकडा बदलला होता. आता कुरकुरली तर दोष छताचा नव्हता.

मॅडम बसल्या. साहेबांनी दुकानातला पंखा बंद करायला सांगितला. मोहसीननं बटण बंद केलं. एक झोका. दुसरा. गुणवंतराव हात जोडून उभे, जणू आरतीला आलेत. तिसरा.

कुर्र.

आता माईक नसतानाही स्पष्ट. मॅडमनी वर पाहिलं. साहेबांनीही. गुणवंतराव लगबगीनं पुढे झाले, "थोडं तेल सोडलं ना साहेब, का मंग कायचा आवाज! अन् किमतीचं बी आपण पाहून घेऊ, तुमच्यासाठी एकदम..."

"भाऊ, थांबा," अब्बा म्हणाले.

ते बंगईजवळ गेले. "बाई, जरा उतरता?" मॅडम उतरल्या. अब्बांनी लाकडाला कान लावला आणि हातानं बंगई ढकलली. मग मागच्या डाव्या खुंटीवर बोट ठेवलं.

"हे लाकूड ओलं होतं," ते साहेबांना म्हणाले. "मले दिवाळीची घाई झाली होती. सुकलं अन् सांधा ढिला झाला. माही चूक हाय. ही विकाची नाई."

गुणवंतरावांनी कपाळाला हात लावला. संपलं सगळं, मोहसीनला वाटलं. पेट्या, खिळे, ठेकेदार.

"बाकीच्या पाच?" साहेबांनी विचारलं.

"एकेक तपासतो. ज्या लाकडाचा भरवसा नाई ते बदलतो. महिना लागंल. दिवाळी होऊन जाईल."

साहेबांनी मॅडमकडे पाहिलं. "आम्ही थांबतो," मॅडम म्हणाल्या. "आमचं नाव लिहून घ्या."

गुणवंतरावांनी नाव लिहून घेतलं. गाडी गेल्यावर ते नूर मोहम्मदांकडे वळून म्हणाले, "शेड राहू द्या, चाचा. प्लायवूड मी घरी ठेवतो." म्हणाले, आणि चहा सांगायला बाहेर गेले.

मोहसीनला रडू येईल असं झालं होतं. तो अब्बांना बंगई उतरवू लागायला गेला. दोघांनी मिळून कड्या काढल्या, पाट जमिनीवर ठेवला. अब्बा खाली बसले, खुंटी ठोकून सैल करू लागले, आणि मान वर न करता म्हणाले,

"तुह्या जाहिरातीत मी दोन दिवस ऐकून राह्यलो. एकदा बी कुरकुरली नाई."

मोहसीननं हातातली कडी खाली ठेवली.

"तुले ऐकू आलं होतं ना?"

"हो, अब्बा."

म्हाताऱ्यानं खुंटी काढली, उजेडात धरून पाहिली, बाजूला टाकली.

"लोकांसमोर कमी बोलाचं, हे तुहं बराबर हाय," अब्बा म्हणाले. "पण मले तं सांगाचं होतं, बेटा."