वरच्या खाणीचा दगड

चूक सापडली ती चुडामणच्या पत्रामुळे. चुडामण दोंडाईच्याचा क्रशरवाला. धुळ्याच्या हेमराज पाटलांनी चार वर्षांच्या कराराने घेतलेल्या खाणीचा वरचा भाग त्याने पोटभाड्याने घेतला होता. एप्रिल २०२५च्या पहिल्या आठवड्यात त्याने लिहिले: पहिल्या वर्षी माझे दगड कमी निघाले, तरी किमान भाडे पूर्ण भरले, ते जास्तीचे तीस हजार यंदाच्या रकमेतून वळते करावेत.

मागणी बरोबर होती. पोटभाड्याच्या करारात चुडामणने ब्रासला, म्हणजे शंभर घनफुटांना, साठ रुपये द्यायचे आणि वर्षाला किमान दीड लाख. २०२२-२३ मध्ये त्याने दोन हजार ब्रास काढले, म्हणजे एक लाख वीस हजारांचे, आणि भरले दीड लाख. अशी तूट पुढच्या दोन वर्षांत वळती करता येई. यंदा तीन हजार ब्रास निघाले, एक लाख ऐंशी हजारांचे. तीस हजार वजा करून दीड लाख घ्यायचे, एवढेच काम. हेमराजशेठचे मुनीम ज्ञानेश्वर यांनी चुडामणची फाईल उघडली, आकडे ताडून पाहिले आणि त्यांचा हात थांबला.

तीन वर्षांत चुडामणने साडेसात हजार ब्रास काढले होते. त्यातला एकही ब्रास ताईबाईंच्या हिशोबात नव्हता.

ताईबाई जमिनीच्या मालकीण. शिंदखेडा तालुक्यातली त्यांची सहा एकर बरड टेकडी हेमराजशेठकडे होती. सरकारची रॉयल्टी वेगळी, ती परवान्याबरोबर भरली जाई. ताईबाईंना ब्रासला चाळीस रुपये आणि वर्षाला किमान दोन लाख ठरले होते. दगड कमी निघाला तरी दोन लाख द्यायचे आणि ती तूट पुढच्या दोन वर्षांच्या जादा कमाईतून वळती करायची. पोटभाडेकरूने काढलेला दगडही मूळ भाडेकरूचाच धरायचा, हे करारात नवव्या कलमात स्पष्ट होते. ते कलम ज्ञानेश्वरांनीच टाइप केले होते.

मग सुटले कसे? ज्ञानेश्वर मूळचे नशिराबादचे, वीस वर्षे धुळ्यात, आकड्याला पक्के म्हणून ओळखले जाणारे. त्यांची एक सवय होती: ज्या आकड्याने रक्कम बदलत नाही, तो आकडा लिहायचा नाही. चुडामण आला त्या, म्हणजे शेठच्या कराराच्या दुसऱ्या वर्षी, शेठच्या खालच्या खाणीतून साडेचार हजार ब्रास निघाले. ते एकटे धरले तर दोन लाखच द्यायचे होते. चुडामणचे दोन हजार मिळवले तरी आदल्या, म्हणजे पहिल्या वर्षी तीन हजारच ब्रास निघून आलेल्या ऐंशी हजारांच्या तुटीतले साठ हजार वळते होऊन दोन लाखच. म्हणून वरची खाण त्यांनी कागदावर घेतली नाही. पुढच्या वर्षी तोच कागद समोर ठेवून नवा केला, त्याच्या पुढच्या वर्षीही.

त्यांनी कोरा कागद घेऊन पुन्हा मांडले. तिसऱ्या वर्षी दोघांचे मिळून साडेआठ हजार ब्रास, तीन लाख चाळीस हजार. पहिल्या वर्षीची उरलेली तूट फक्त वीस हजार, म्हणून द्यायला हवे होते तीन लाख वीस. दिले दोन लाख. चौथ्या वर्षी दहा हजार ब्रास, तूट शून्य, चार लाख. गेल्याच आठवड्यात दिले दोन लाख साठ हजार, तेही दुसऱ्या वर्षीची, कधी नसलेली वीस हजारांची तूट कापून. एकूण कमी गेले दोन लाख साठ हजार.

पण त्यांना आठवत राहिले ते वेगळेच. गेल्या एप्रिलमध्ये ताईबाई सुनेला, कोकिळाला, घेऊन ऑफिसात आल्या होत्या. पैसे वळते केल्याचा कागद हातात होता. त्यांनी विचारले, "भाऊ, वरनी खाणना दगड बी आपलाच शे ना? तो कोठे लिखेल शे?"

बाकावर चार ट्रकवाले बसले होते. ज्ञानेश्वर मान वर न करता म्हणाले होते, "अक्का, हे तूट-वळतीचं गणित आहे. तुमच्या डोक्याबाहेरचं. उद्या तुम्ही मला दगड कसा फोडायचा तेही शिकवाल." ट्रकवाले हसले. ताईबाईही कसनुशा हसल्या आणि म्हणाल्या, "माफ करज्यात, भाऊ. आडानी शे मी." कोकिळा हसली नव्हती.

आणि आता शुक्रवारी करार नवा व्हायचा होता. चार वर्षांत दोनदा तूट आली, असे ज्ञानेश्वरांच्या कागदावरून दाखवून शेठने किमान भाडे एक लाख वीस हजारांवर आणायला ताईबाईंना राजी केले होते. खरी तूट एकाच वर्षाची होती, पहिल्या.

त्यांनी शेठला सांगितले. हेमराजशेठ रागावले नाहीत. पैसे देऊन टाकू म्हणाले, पण सही झाल्यावर. आधी कळले तर किमान भाडे खाली येणार नाही.

"चूक तुमची आहे, मुनीमजी," शेठ शांतपणे म्हणाले. "तुमची लाजही राहील आणि माझं कामही होईल. चार दिवस गप्प बसायला काय जातं?"

शेठ गुरुवारी मशीन बघायला जळगावला गेले. ज्ञानेश्वर सकाळच्या एसटीने ताईबाईंच्या गावी गेले.

ताईबाई ओट्यावर शेंगा निवडत होत्या. मुनीम घरी आले म्हणून त्यांनी लगबगीने सतरंजी टाकली. ज्ञानेश्वर बसले नाहीत. उभ्यानेच त्यांनी सगळे सांगितले, चूक माझी, शेठची नाही, असेही. शेवटी शेठची सूचनाही सांगितली, कारण ती गाळली तर आणखी एक आकडा गाळल्यासारखे झाले असते. ताईबाईंनी सूप बाजूला ठेवले आणि सुनेला हाक मारली.

कोकिळा दोंडाईच्याला बारावीपर्यंत शिकलेली. तिने ज्ञानेश्वरांनी आणलेला दोन्ही खाणींच्या आकड्यांचा कागद पाहिला आणि म्हणाली, "असं नको. वळती म्हणजे काय ते आधी सांगा. आईंना पण ऐकू द्या."

त्यांनी सांगितले. कमी निघालेल्या वर्षी जास्त दिले, ते जादा निघालेल्या वर्षी कापायचे, दोन वर्षांच्या आत, आणि त्या वर्षीचे दोन लाख शाबूत ठेवून. ताईबाईंनी एकदाच विचारले, दोन वर्षांत कापून झाले नाही तर? तर ते शेठचे बुडाले, ज्ञानेश्वर म्हणाले. ताईबाईंनी मान हलवली. कोकिळाने वहीत चार ओळी आखल्या, वरची आणि खालची खाण मिळवली, आणि ज्ञानेश्वर तिसऱ्या वर्षापर्यंत पोचण्याआधीच तिने त्या वर्षीचा आकडा सांगितला.

"एक लाख वीस कमी."

दहा मिनिटेही झाली नव्हती. ज्ञानेश्वरांना त्या घरातून उठून जावेसे वाटले. बोललेले चुकीचे होते हे त्यांना चार दिवस माहीत होते. ते किती चुकीचे होते, हे आता समोर वहीत दिसत होते. ते म्हणाले, "अक्का, मागच्या वर्षी मी जे बोललो..."

"ऱ्हाऊ द्या," ताईबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "खालनी खाणन्या पावत्या कोठे शेत?"

"धुळ्याला. ऑफिसात."

"पहिल्या वर्षीच्या पण?" कोकिळाने विचारले. "तीन हजार ब्रास लिहिलेत. ते तरी बरोबर आहेत का?"

बरोबर होते. एकेक काटापावती त्यांनी स्वतः ताडून पाहिली होती, आणि वीस वर्षांत असे त्यांना कोणी विचारले नव्हते. ते ओठांवर आलेले ज्ञानेश्वरांनी गिळले.

"तपासून घ्या," ते म्हणाले.

शुक्रवारची सही होणार नाही, असे शेठला सांगायला ताईबाईंनी त्यांनाच सांगितले. सोमवारी त्या दोघी पावत्या पाहायला येतील. सगळ्या पाहून झाल्यावर भाड्याचे बोलू. मग त्यांनी सतरंजीची घडी घातली. दुपारच्या गाडीला अजून दोन तास होते. ज्ञानेश्वर फाट्यावर जाऊन उभे राहिले.